प्रतिकूल ताबा: खरा वाद एकाच घटकाचा आहे

प्रश्न: मालमत्ता कायद्याच्या पेपरसाठी प्रतिकूल ताब्यावर (ॲडव्हर्स पझेशन) निबंध लिहायचा आहे, बाजूने आणि विरोधात दोन्ही. घटक पाठ आहेत: ताबा प्रत्यक्ष, उघड, अखंड, एकट्याचा आणि मालकाविरुद्ध हवा, तोही बारा वर्षं. पण माझ्या निबंधात घटक एकीकडे राहतात आणि युक्तिवाद दुसरीकडे. दोन्ही जोडायचे कसे? आणि तुमचं स्वतःचं मत काय?

उत्तर:

पाचही घटकांना सारखी जागा देऊ नका. प्रत्यक्ष, उघड, अखंड आणि एकट्याचा ताबा हे चार घटक मुख्यतः पुराव्याचे प्रश्न आहेत. कुंपण होतं की नाही, वीजबिल कोणाच्या नावे होतं, शेजाऱ्यांना काय दिसत होतं, एवढ्यावर ते ठरतात आणि त्यांवर तत्त्वाचा वाद फारसा होत नाही. वाद आहे तो पाचव्या घटकाचा, म्हणजे ताबा मालकाच्या हक्काला ‘विरोधी’ असण्याचा. या सिद्धान्ताच्या बाजूचा आणि विरोधातला जवळजवळ प्रत्येक युक्तिवाद या एका घटकाच्या अर्थावर येऊन थांबतो. निबंध त्याच्याभोवती बांधलात की घटक आणि युक्तिवाद वेगळे राहणारच नाहीत.

आधी कायद्याचा पाया थोडक्यात. प्रतिकूल ताब्याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो मुदत कायदा, 1963 मधून निघतो. अनुच्छेद 65 म्हणतो की मालकी हक्काच्या आधारे स्थावर मालमत्तेचा ताबा मागायचा असेल, तर प्रतिवादीचा ताबा वादीला प्रतिकूल झाल्यापासून 12 वर्षांत दावा लावला पाहिजे. दावा सरकारचा असेल तर अनुच्छेद 112 नुसार मुदत 30 वर्षांची. मुदतीच्या इतर बाबतींत मुदत संपली की फक्त कोर्टाचं दार बंद होतं, मूळ हक्क शिल्लक राहतो. मुदतबाह्य कर्ज कर्जदाराने आपणहून फेडलं तर ते परत मागता येत नाही. जमिनीच्या बाबतीत मात्र कलम 27 पुढे जातं आणि मुदतीबरोबर मालकाचा हक्कच नष्ट करतं. सिद्धान्ताचा सगळा कठोरपणा या कलमात आहे, म्हणून निबंधात त्याचा उल्लेख पहिल्या पानावर यायला हवा.

1908 च्या जुन्या कायद्यात ताब्यातून बाहेर काढल्या गेलेल्या मालकालाच सिद्ध करावं लागे की गेल्या बारा वर्षांत कधीतरी ताबा आपल्याकडे होता. 1963 नंतर मालकाने मालकी सिद्ध केली की त्याचं काम झालं. ताबा कधी आणि कसा प्रतिकूल झाला हे दाखवण्याचं ओझं पूर्णपणे कब्जेदारावर आलं. ‘कायदा कब्जेदाराच्या बाजूने झुकलेला आहे’ असं सरसकट विधान करणाऱ्यांच्या नजरेतून हा बदल सुटलेला असतो.

आता ‘विरोधी’ या शब्दाकडे. सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक वक्फ बोर्ड वि. भारत सरकार (2004) या निकालात सांगितलं की प्रतिकूल ताबा सांगणाऱ्याने पाच गोष्टी स्पष्ट मांडल्या पाहिजेत: ताबा कोणत्या तारखेला आला, त्याचं स्वरूप काय होतं, मालकाला तो माहीत होता का, किती काळ चालला, आणि तो उघड व निर्वेध होता का. यातली तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण तारखेशिवाय बारा वर्षं मोजताच येत नाहीत. कैफियतीत ‘आम्ही पूर्वापार वहिवाटत आहोत’ एवढंच लिहून थांबणारे पक्षकार मी खूप पाहिले आहेत. वहिवाट चाळीस वर्षांची असली तरी ती विरोधी केव्हा झाली हे सांगता आलं नाही, तर तिचा इथे उपयोग नाही.

एक कल्पित प्रकरण घेऊन तारखा मोजू. शेतजमीन मुद्दाम टाळतो, कारण तिथे कूळकायद्याचा प्रश्न मध्ये येतो. दोन गुंठ्यांचा एक बिनशेती भूखंड आहे. मालक 1994 मध्ये परगावी जातो आणि लांबच्या एका नातेवाइकाला सांगतो, ‘जागेवर लक्ष ठेव, वापर हवी तर.’ नातेवाईक पत्र्याची शेड घालतो, कुंपण करतो, घरपट्टी भरतो. 2003 मध्ये मालक वारतो. 2005 च्या जूनमध्ये त्याचा मुलगा येऊन जागा मागतो. नातेवाईक रजिस्टर पोस्टाने लेखी उत्तर देतो: ‘ही जागा माझी आहे, तुमचा तिच्यावर काही हक्क नाही, सोडणार नाही.’ मुलगा 2015 मध्ये वकिलाची नोटीस पाठवतो आणि 2019 मध्ये दावा लावतो.

1994 ते 2005 ही अकरा वर्षं मोजायचीच नाहीत. तो परवानगीचा ताबा होता, आणि परवानगीचा ताबा कितीही लांबला तरी आपोआप विरोधी होत नाही. घरपट्टी भरल्याने किंवा शेड घातल्यानेही होत नाही, कारण जागा सांभाळणारा माणूससुद्धा या गोष्टी करतो. ताबा विरोधी झाला तो जून 2005 मध्ये, मालकी स्पष्ट नाकारून ते मुलाला कळवलं तेव्हा. तिथून बारा वर्षं जून 2017 मध्ये भरली. 2015 च्या नोटिशीने मुदत थांबत नाही, ती फक्त दाव्याने थांबते. दावा 2019 चा, म्हणजे मुलगा हरला, आणि कलम 27 नुसार त्याची मालकीही संपली.

आता यात एकच गोष्ट बदलू. 2005 मध्ये नातेवाइकाने काहीच उत्तर दिलं नाही, संकोचाने गप्प राहिला आणि जागा पूर्वीसारखीच वापरत राहिला. मग विरोधी ताब्याची तारीखच सापडत नाही आणि 2019 चा दावा मुदतीत ठरण्याची शक्यता मोठी. किंवा असं धरू की त्याने 2005 चं पत्र पाठवलं, पण 2012 मध्ये सही करून लिहून दिलं, ‘तुमची जागा मला रास्त भावात विकत द्या.’ मुदत संपण्यापूर्वी दिलेली सहीची लेखी कबुली कलम 18 नुसार मुदत नव्याने सुरू करते, शिवाय विरोधी हेतूचा पुरावाही कमकुवत होतो. तीच कबुली 2018 मध्ये दिली असती, तर मात्र मालकाला तिचा उपयोग नव्हता, कारण तोवर त्याचा हक्क नष्ट झालेला होता.

तीनही वेळा माणूस, कुंपण आणि शेड तीच आहेत. उघडपणे मालकी नाकारणारा जिंकला. गप्प राहिलेला आणि किंमत मोजायला तयार असलेला हरण्याच्या बाजूला गेला. विरोधातला सर्वांत जोरदार युक्तिवाद इथे आहे: हा घटक जितका कडक वाचावा, तितकं कायदा उद्धटपणाला बक्षीस देतो आणि सभ्यतेला दंड करतो. ‘दुसऱ्याची जमीन बळकावणाऱ्याला मालक करणं अन्याय्य आहे’ हे वाक्य बहुतेक निबंधांत सापडेल. अन्याय कोणत्या घटकातून आणि कशा रीतीने निपजतो, हे दाखवणारा निबंध मात्र क्वचित असतो.

हा पेच आपल्या निकालांतही दिसतो. 1865 मध्ये मुंबई सरकारने बाजार बांधण्यासाठी नगरपालिकेला जागा बिनभाड्याने देण्याचा ठराव केला, पण कायद्याला लागणारा रीतसर दस्त झालाच नाही. नगरपालिकेने बाजार उभारला आणि सत्तरहून अधिक वर्षं जागा स्वतःच्या हक्काने वापरली. पुढे कलेक्टरने त्या जागेवर आकारणी करायचं ठरवलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1951 मध्ये न्यायालयाने बहुमताने म्हटलं की देणगी अवैध असली, तरी तिच्या आधारे हक्काने धरलेला ताबा सरकारला प्रतिकूलच होता. म्हणून बाजारासाठी ती जागा कायम बिनभाड्याने धरण्याचा हक्क नगरपालिकेला मिळाला. नगरपालिकेच्या मनात सरकारशी वैर कधीच नव्हतं. आपल्याला जागा मिळाली आहे असं ती प्रामाणिकपणे समजत होती.

याच्या शेजारी टी. अंजनप्पा वि. सोमलिंगप्पा (2006) ठेवा. तिथे न्यायालय म्हणतं की खरा मालक कोण हेच कब्जेदाराला नक्की माहीत नसेल, तर त्याची मालकी विरोधी हेतूने नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा विचार शेवटपर्यंत नेला तर जागा स्वतःचीच समजून चार फूट पलीकडे भिंत घालणारा शेजारी बारा वर्षांनंतरही सुरक्षित नाही. ती चार फूट जागा दुसऱ्याची आहे हे पक्कं माहीत असून भिंत घालणारा मात्र सुरक्षित आहे. दोन्ही निकाल समोरासमोर ठेवून तुम्ही विचारू शकता की विरोध म्हणजे कब्जेदाराच्या मनातलं वैर, की केवळ मालकाच्या परवानगीचा अभाव. परीक्षकाला तुमच्याकडून हवा असतो तो हा प्रश्न.

अमेरिकेत हा वाद सीमाभिंतींवरूनच झाला. मेन राज्यातील न्यायालयांनी दीर्घकाळ असं धरलं की चुकून पुढे सरकलेला आणि खऱ्या हद्दीपलीकडे हक्क सांगण्याचा इरादा नसलेला शेजारी प्रतिकूल ताबा सांगू शकत नाही. कनेटिकटने 1831 मध्येच याच्या उलट भूमिका घेतली: मनात काय होतं ते पाहायचं नाही, वर्तन मालकासारखं होतं का ते पाहायचं. मेनच्या नियमावर प्रामाणिक माणसाला तोटा आणि लबाडाला फायदा अशी टीका होत राहिली, आणि शेवटी त्या राज्याने कायदा करून तो बदलला.

इंग्लंडचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे, पण ते नीट वाचा. पाय वि. ग्रॅहॅम या खटल्यात ग्रॅहॅम कुटुंबाकडे बर्कशरमधील शेतजमीन चराईच्या परवान्यावर होती. परवाना 1983 च्या अखेरीस संपला, जमिनीची मालक असलेल्या पाय कंपनीने नवा द्यायचं नाकारलं, तरी कुटुंब जमीन वापरत राहिलं. मागितले असते तर पैसे देण्याची त्यांची तयारीही होती. 2002 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की मालक होण्याचा हेतू लागत नाही, ताबा ठेवण्याचा हेतू पुरतो, आणि पैसे देण्याची तयारी त्याच्या आड येत नाही. जमीन कुटुंबाकडे गेली. वरच्या उदाहरणातला 2012 चं पत्र लिहिणारा नातेवाईक आठवा. त्याच्याकडे पाहण्याची ही अगदी वेगळी दृष्टी आहे.

पण या उदारपणाची दुसरी बाजू इंग्लंडनेच सांभाळली. त्याच वर्षीच्या जमीन नोंदणी कायद्याने नोंदणीकृत जमिनीसाठी पद्धत बदलली. कब्जेदाराने दहा वर्षांनंतर अर्ज करायचा, नोंदणी कार्यालयाने मालकाला नोटीस द्यायची, मालकाने हरकत घेतली तर बहुतेक अर्ज फेटाळले जातात, आणि मग मालकाला कब्जेदाराला बाहेर काढण्यासाठी दोन वर्षं मिळतात. हरकतीनंतरही टिकणारे अपवाद मोजके आहेत. त्यांतला एक सीमेचा आहे: लगतची पट्टी आपलीच आहे असा वाजवी समज कब्जेदाराला दहा वर्षं असला पाहिजे. म्हणजे आपल्याकडे ज्या प्रामाणिक समजुतीमुळे दावा पडू शकतो, तीच तिथे दावा तारते.

आता बाजूचा युक्तिवाद, आणि तो मी हलका मानत नाही. इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणता येत नाही, कारण तिथली नोंद मालकीची हमी देते. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा अभिलेख आहे. फेरफार झाला म्हणून मालकी मिळत नाही आणि झाला नाही म्हणून जात नाही. तीन पिढ्यांमागचं तोंडी वाटप, हरवलेलं खरेदीखत, वारस न लावलेला सातबारा, अशा साखळीत एखादा दुवा तुटलेला असणं नेहमीचं आहे. ज्यांनी रीतसर पैसे मोजले पण ज्यांच्या आज्याच्या दस्तात दोष होता, अशा कुटुंबांना शेवटचा आधार याच सिद्धान्ताचा असतो. हा काढून टाकला तर पन्नास वर्षांपूर्वीच्या वारसाचा पणतू उद्या उभ्या घरावर दावा लावू शकेल, आणि त्याला उत्तर देणारे सगळे साक्षीदार वारलेले असतील.

म्हणून ‘बाजूने’ लिहिताना जमीन पडीक राहू नये, झोपलेल्या मालकाला कायदा मदत करत नाही, या वाक्यांवर फार विसंबू नका. जमीन न वापरणं हा गुन्हा नाही, आणि ‘झोपलेला’ मालक पुष्कळदा परगावी नोकरी करणारा, विधवा किंवा अल्पवयीन असतो. अल्पवयीनाला कलम 6 आणि 8 सज्ञान झाल्यानंतर तीन वर्षांपर्यंत सवलत देतात, पण मुदत सुरू होताना तो मालक आणि अल्पवयीन असेल तरच. वडिलांविरुद्ध सुरू झालेली मुदत मुलगा लहान आहे म्हणून थांबत नाही. खरं बळ पुराव्याच्या आणि तुटक्या दस्तांच्या युक्तिवादात आहे.

न्यायालयांची अस्वस्थता विरोधी बाजूला भरपूर साहित्य देते. हेमाजी वाघाजी जाट (2008) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अतार्किक आणि प्रमाणाबाहेरचा म्हटला आणि केंद्राला फेरविचार करायला सांगितलं. 2011 मध्ये हरियाणा सरकारच्या पोलीस खात्याने नागरिकाच्याच जमिनीवर प्रतिकूल ताबा सांगितला, तेव्हा न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले. 2020 च्या विद्या देवी प्रकरणात हिमाचलमधल्या एका विधवेची जमीन 1967 मध्ये मोबदला न देता रस्त्यासाठी घेतली गेली होती. कल्याणकारी राज्य आपल्याच नागरिकाविरुद्ध हा बचाव घेऊ शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 300-अ चा आधार घेतला. दुसरीकडे विधी आयोगाने 2023 च्या 280 व्या अहवालात कायदा बदलण्याची गरज नाही असं म्हटलं, तर आयोगाच्याच दोन पदसिद्ध सदस्यांनी भिन्नमत नोंदवलं. हे भिन्नमत जरूर वापरा. एकाच अहवालात दोन्ही बाजू मिळतात.

माझं मत विचारलंत. सिद्धान्त राहायला हवा, पण ‘विरोधी’ म्हणजे ‘मालकाच्या परवानगीविना, मालकासारखा’ एवढाच अर्थ घ्यावा. मनातल्या वैराची चौकशी बंद करावी. त्याने सीमेवरचे आणि सदोष दस्ताचे प्रामाणिक कब्जेदार वाचतील. जागा दुसऱ्याची आहे हे जाणून घुसलेल्यासाठी मात्र बारा वर्षं उलटल्याने हक्क आपोआप जाऊ नये; त्याने मालकाला किंवा वारसांना नोटीस द्यावी आणि त्यांना दाव्यासाठी ठरावीक अवधी मिळावा. यावर आक्षेप येईल की कब्जेदार प्रामाणिक होता की नव्हता हे शोधताना आपण पुन्हा मनातच शिरतो. आक्षेप बरोबर आहे. पण हातात दस्त होता का, मोजणीचा नकाशा काय सांगत होता, जागा रिकामी करण्याची मागणी आली होती का, हे कागदावरून तपासता येतं. वैर तपासायला असा कागद नसतो, म्हणून तिथे साक्षीदार पढवले जातात आणि सगळा भार उलटतपासणीवर पडतो.

या घटकामुळे होणारी आणखी एक फसगत निबंधात दाखवण्यासारखी आहे. साठेखतावर ताबा घेतलेला खरेदीदार अनेकदा दोन्ही सांगतो: ‘मालकाने मला ताबा दिला’ आणि ‘माझा ताबा प्रतिकूल आहे’. मोहन लाल वि. मिर्झा अब्दुल गफ्फार (1996) मध्ये न्यायालयाने ही भूमिका परस्परविरोधी ठरवली. साठेखताचा ताबा मालकाच्या संमतीने आलेला असतो, तो विरोधी करायचा तर आधी तो करार नाकारावा लागतो आणि नाकारल्याची तारीख सिद्ध करावी लागते. सहमालकांचंही तसंच. एका भावाने पूर्ण घर वापरलं तरी कायद्याच्या नजरेत तो सर्वांच्या वतीने ताबा धरतो. बाकीच्यांचा हक्क त्यांना कळेल अशा रीतीने नाकारल्याशिवाय बारा वर्षं सुरू होत नाहीत, हे पी. लक्ष्मी रेड्डी (1957) पासून स्थिर आहे.

निकाल उद्धृत करताना दोन ठिकाणी विद्यार्थी हमखास अडकतात. ‘प्रतिकूल ताबा फक्त बचावाची ढाल आहे, त्यावर दावा लावता येत नाही’ हे वाक्य गुरुद्वारा साहिब (2014) मधलं आहे आणि ते आता चालत नाही. रविंदर कौर ग्रेवाल (2019) मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते रद्द ठरवलं. मुदत पूर्ण केलेला कब्जेदार वादी म्हणूनही येऊ शकतो. त्याच निकालात सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर असा हक्क मिळू नये अशी सूचनाही आहे. दुसरं, मुनिचिक्कन्ना रेड्डी (2007) मधला मानवी हक्कांचा भाग. तो निकाल एप्रिल 2007 चा आहे आणि त्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पाय कंपनीच्या बाजूने 2005 मध्ये दिलेला निर्णय आधाराला घेतला आहे. त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ऑगस्ट 2007 मध्ये तो निर्णय 10 विरुद्ध 7 मतांनी फिरवला. मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्क आहे हा मुद्दा तुम्ही मांडू शकता, पण 2005 च्या निर्णयावर तो उभा करू नका.